लंडनच्या मेट्रोचा फोटोतला नकाशा वाचता येत नाही : रंग फसवतात तेव्हा काय बघायचं

बेळगावच्या शहापुरात माझं झेरॉक्स आणि प्रिंटचं दुकान आहे. गेली काही वर्षं एक काम ठरल्यासारखं येतं. कुणाची तरी लेक नाहीतर मुलगा लंडनला असतो, आईवडील पहिल्यांदा निघालेले असतात आणि व्हॉट्सॲपवर तिथल्या मेट्रोच्या नकाशाचा फोटो आलेला असतो. "हे जरा मोठं करून काढून द्या की ओ." मोठं करून दिलं की पुढचा प्रश्न येतोच, "ह्यातली आमची रेघ कुठली?"

तक्रारी दर वेळी त्याच असतात. दोन रेघा एकाच रंगाच्या दिसतात, गोल कुठला आणि डाग कुठला ते कळत नाही, मागचे करडे पट्टे म्हणजे सावली वाटते, आणि पोरांनी सांगितलेला रस्ता नकाशावर सापडत नाही. फोटो मोठा केल्याने यातलं काहीच सुटत नाही.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. दोन-तीन वर्षांपूर्वी टिळकवाडीच्या एका काकांना मी नकाशाची काळी-पांढरी झेरॉक्स दिली. रंगीत प्रिंट महाग पडते म्हणून त्यांनीच तसं सांगितलं होतं, मीही विचार केला नाही. त्यांना ऑक्सफर्ड सर्कसला गाडी बदलून ब्रिक्स्टनला जायचं होतं. ब्रिक्स्टनला जाते ती व्हिक्टोरिया लाइन, फिकट निळी. काका चढले बेकरलूमध्ये, ती तपकिरी. दोन्ही दक्षिणेकडेच जातात, त्यामुळे चुकलो हे त्यांना शेवटचं स्टेशन येईपर्यंत कळलं नाही. ते उतरले एलिफंट अँड कॅसलला.

झेरॉक्स मशीनला रंग दिसत नाही, तो किती उजळ आहे एवढंच दिसतं. आपल्या डोळ्याला तपकिरी आणि आकाशी ही दोन टोकं वाटतात, पण दोघांचा उजळपणा जवळपास सारखा आहे, म्हणून कागदावर दोन्हींचा एकच करडा होतो. ऑक्सफर्ड सर्कसला तिसरी सेंट्रल लाइन येते, लाल. तीही करडीच, थोडी गडद. पिकॅडिलीचा गडद निळा, मेट्रोपॉलिटनचा जांभळट किरमिजी आणि नॉर्दर्नचा काळा हे तिन्ही झेरॉक्सवर काळेच दिसतात. सर्कल लाइनचा पिवळा आणि हॅमरस्मिथ अँड सिटीचा गुलाबी इतके फिके उमटतात की कागदावर आहेत की नाहीत अशी शंका यावी. तेव्हापासून या नकाशाची काळी-पांढरी प्रत मी कुणी मागितली तरी देत नाही.

पण रंगीत प्रिंट काढली म्हणजे झालं असंही नाही. फोटो स्टेशनातल्या पिवळ्या उजेडात काढलेला असला तर सगळेच रंग एका बाजूला सरकतात. किरमिजी आणि जांभळा एकच दिसायला लागतात, लाल तपकिरीकडे झुकतो. त्यावर एक साधा इलाज आहे. नकाशाच्या मधोमध शहराचा गाभा असतो, तो झोन १. त्याची जमीन पांढरी छापलेली असते. फोनच्या गॅलरीत फोटो उघडून संपादनात जायचं आणि उबदारपणाची पट्टी, बहुतेक फोनवर Warmth नावाची, थंड बाजूला सरकवत राहायचं. झोन १ ची जमीन खरोखर पांढरी दिसली की थांबायचं. बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात. फोटोतलं सगळ्यात उजळ ठिकाण बघून हे करू नका. ते बहुतेक वेळा काचेवर पडलेल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब असतं.

रंग सोडा, रेघेची घडण बघा

मागच्या महिन्यात जांबोटीकडचे एक काका-काकू आले. लेक वेंब्लीला. मुंबईहून विमान, हीथ्रोच्या टर्मिनल २ ला उतरायचं. लेक न्यायला येणार होतीच, पण काकूंचं म्हणणं, "ती आली न्हाई तर? ट्रॅफिकमध्ये अडकली तर? मला ठावं असलं पाहिजे." लेकीने स्टेशनवरच्या भिंतीचा फोटो पाठवला होता, वेंब्ली पार्कभोवती बॉलपेनने गोल काढून, आणि सोबत एक ओळ : "ॲक्टन टाउन आणि रेनर्स लेनवरून या, स्वस्त पडतं." काकूंनी तो रस्ता नकाशावर अर्धा तास शोधला होता. मिळाला नव्हता.

फोटो तिरका काढलेला, उजवीकडचा कोपरा लहान होत गेलेला, आणि कुठल्या रंगाची कुठली लाइन हे सांगणारी चौकट फ्रेमच्या बाहेर. ही चौकट जवळजवळ प्रत्येक फोटोत कापलेली असते, कारण फोटो काढणाऱ्याला तिची गरज नसते. त्याला लाइनी पाठ असतात.

चौकट नसली आणि रंगावर भरवसा नसला तरी रेघेची घडण शिल्लक राहते, आणि ती खराब फोटोतही टिकते. लंडनच्या नकाशावर जमिनीखालच्या जुन्या अकरा लाइनी भरीव आहेत, एकच जाड रेघ. एलिझाबेथ लाइन, ओव्हरग्राउंड नावाच्या जमिनीवरच्या गाड्या आणि डीएलआर ही पूर्वेकडची हलकी रेल्वे, ह्या पोकळ आहेत, म्हणजे दोन बारीक समांतर रेघा आणि मधे पांढरं. काकूंच्या फोटोत हीथ्रोपासून दोन रेघा निघत होत्या, एक गडद निळी आणि एक जांभळी. आणि वर वेंब्लीपाशी पुन्हा एक जांभळटच रेघ. काकूंनी धरून चाललं होतं की हीथ्रोची जांभळी तीच वेंब्लीला जाते. फोटो वाढवून बघितला तर हीथ्रोची पोकळ होती, म्हणजे एलिझाबेथ. वेंब्लीची भरीव, म्हणजे मेट्रोपॉलिटन. दोन्ही सर्वस्वी वेगळ्या गाड्या. अर्ध्या तासाचा घोळ एवढ्यावर होता.

पोकळ रेघांच्या रंगावरून नकाशाचं वयही कळतं. ओव्हरग्राउंडच्या सगळ्या रेघा नारिंगी असतील तर तो नकाशा नोव्हेंबर २०२४ च्या आधीचा. त्यानंतर तिच्या सहा लाइनींना सहा नावं आणि सहा रंग दिले गेले, लायनेस पिवळी, मिल्डमे निळी, विंडरश लाल अशी. त्यामुळे आता नकाशावर दोन पिवळ्या आहेत, सर्कल आणि लायनेस. सर्कल भरीव, लायनेस पोकळ. नवा नकाशा आणि जुनं तोंडी वर्णन एकत्र आलं की गोंधळ ठरलेला. "नारिंगीने ये" असं सांगणारा पोरगा जुन्या नकाशावरचं सांगत असतो.

गोल, खुंटी आणि नुसतंच ओलांडणं

साधं स्टेशन म्हणजे रेघेला फुटलेली छोटी खुंटी. गाडी बदलायचं स्टेशन म्हणजे काळ्या कडेचा पांढरा गोल. दोन गोल दांडीने जोडलेले असतील तर दोन जागांमध्ये चालत जायची वाट आहे. इतपत सगळ्यांना पटकन कळतं.

फसवणूक तिसऱ्या चिन्हात आहे. जिथे जिना न चढता फलाटापर्यंत जाता येतं तिथे व्हीलचेअरचा गोल असतो. निळा असेल तर रस्त्यापासून थेट गाडीत शिरेपर्यंत पायरी नाही, पांढरा असेल तर फलाटापर्यंतच सोय, गाडीत चढताना पायरी किंवा फट असू शकते. साध्या स्टेशनावर हा गोल खुंटीची जागा घेतो. व्हॉट्सॲपने आवळलेल्या फोटोत आतली खुर्ची पुसली जाते आणि उरतो नुसता ठिपका. काकूंनी हाउन्स्लो ईस्टचा ठिपका गाडी बदलायचं स्टेशन समजून त्याच्यावर बोट ठेवलं होतं. तिथून दुसरी कुठलीच लाइन निघत नाही. पडताळा सोपा आहे. गोलाला किती रेघा शिवतात ते मोजा. एकच रेघ असेल तर तिथे बदलायला काही नाही, गोल कसाही दिसो.

याच्या उलटही होतं. पार्क रॉयल आणि ॲल्पर्टन या दोन स्टेशनांच्या मधे सेंट्रलची लाल रेघ पिकॅडिलीच्या निळ्या रेघेला ओलांडून जाते. फोटोत तो ठळक चौक दिसतो. पण तिथे गोल नाही. एक रूळ दुसऱ्याच्या खालून-वरून जातो एवढंच, गाडी थांबत नाही.

आता काकूंचा रस्ता. हीथ्रोहून पिकॅडिली पकडली की हॅटन क्रॉस, तीन हाउन्स्लो, ऑस्टरली, बॉस्टन मॅनर, नॉर्थफील्ड्स, साउथ ईलिंग करत ॲक्टन टाउन येतं. लेक म्हणते इथे बदला. काकूंचा सवाल रास्त होता : "निळीतून उतरून परत निळीतच बसायचं? मग उतरायचं कशाला?"

त्यांना लोंढ्याची आठवण करून दिली. बेळगावाहून खानापूर करत लोंढ्यापर्यंत एकच मार्ग. लोंढ्याला फाटा फुटतो, एक कॅसलरॉकवरून गोव्याकडे, एक अळणावर-धारवाडकडे. धारवाडचा माणूस बेळगावच्या गाडीत बसला असेल आणि त्याला गोव्याला जायचं असेल तर लोंढ्याला उतरून दुसऱ्या फाट्याची गाडी धरावी लागते. ॲक्टन टाउन हे पिकॅडिलीचं लोंढा आहे. पश्चिमेकडे तिचे दोन फाटे होतात, एक हीथ्रोला, दुसरा रेनर्स लेन आणि अक्सब्रिजला. हीथ्रोकडून आलेल्या माणसाला दुसऱ्या फाट्यावर जायचं तर ॲक्टन टाउनला उतरून उलट दिशेच्या फलाटावर जायचं. तिथे हीथ्रोच्या गाड्याही येतात, म्हणून कपाळावरची पाटी वाचूनच चढायचं. रेनर्स लेन किंवा अक्सब्रिज, दोन्ही चालतील. चुकून हीथ्रोच्या गाडीत बसलं तर आल्या वाटेने विमानतळावर परत.

काकू म्हणाल्या, "म्हंजे रंग एक असला तरी गाडी एक नसते." बरोबर हेच. नकाशावर फाटा नीट काढलेला असतो, पण फोटोत बोट रंगावरून सरळ फिरत जातं आणि फाट्यावर कुठे वळलो हे लक्षात राहत नाही.

पुढे ईलिंग कॉमन, नॉर्थ ईलिंग, पार्क रॉयल, ॲल्पर्टन, सडबरी टाउन, सडबरी हिल, साउथ हॅरो आणि मग रेनर्स लेन. इथे मेट्रोपॉलिटनमध्ये बदल. वेस्ट हॅरो, हॅरो ऑन द हिल, नॉर्थविक पार्क, प्रेस्टन रोड आणि वेंब्ली पार्क. लक्षात घ्या, रेनर्स लेनपासून अक्सब्रिजपर्यंत निळी आणि किरमिजी शेजारी शेजारी धावतात. याच दोन रेघा झेरॉक्सवर काळ्या होतात. म्हणजे काळ्या प्रतीवर नेमक्या बदलायच्या जागी दोन लाइनींची एक झाली असती आणि बदलायचंय हेच कळलं नसतं.

स्वस्त का, आणि करडे पट्टे कशाला

मागचे पांढरे-करडे पट्टे म्हणजे भाड्याचे झोन. मधला १, त्याच्याभोवती २, असं बाहेर वाढत जातं. आपल्याकडच्या एसटीचं भाडं टप्प्याटप्प्याने, अंतर मोजून वाढतं. इथे कुठल्या कुठल्या पट्ट्यातून गेलात यावर भाडं ठरतं, आणि झोन १ ला शिवलात की ते वाढतं. बोटाने अंतर मोजण्यात अर्थ नाही. हॅरी बेकने १९३१ मध्ये हा नकाशा आखला आणि १९३३ मध्ये तो छापून लोकांच्या हातात आला, तेव्हापासून त्यात खरं अंतर नाहीच. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन यांच्यात जेमतेम अडीचशे मीटर आहेत, पण कागदावर ते दोन गावांसारखे दिसतात.

सहज सुचणारा रस्ता असा : हीथ्रोहून पिकॅडिलीने ग्रीन पार्क, तिथून ज्युबिलीने वेंब्ली पार्क. झोन ६ मधून आत १ पर्यंत, आणि परत बाहेर ४ ला. लेकीचा रस्ता बघा. हीथ्रो ६, ॲक्टन टाउन ३, रेनर्स लेन ५, वेंब्ली पार्क ४. तीनच्या आत कुठे जातच नाही, १ आणि २ लागतच नाहीत.

आता अडचण. भाड्याचं कार्ड यंत्राला टेकवता ते चढताना हीथ्रोला आणि उतरताना वेंब्ली पार्कला. मधे कुठून आलात हे यंत्राला कसं कळणार? त्यासाठी काही ठरावीक बदलाच्या स्टेशनांवर गुलाबी रंगाचं यंत्र ठेवलेलं असतं, रेनर्स लेनला ते आहे. गाडी बदलताना तेच कार्ड तिथे एकदा टेकवायचं. त्याने प्रवास संपत नाही की नवा सुरू होत नाही, फक्त वाट नोंदली जाते. गुलाबी यंत्र नकाशाच्या फोटोत सापडणार नाही, म्हणून मी ते प्रिंटवर पेनने लिहून देतो. काका-काकूंची दोन वेगळी कार्डं लागतात, आणि चढताना जे टेकवलं तेच गुलाबीला आणि तेच उतरताना.

फोटोत पट्टे दिसत नसतील तर उजेड कमी करून कॉन्ट्रास्ट वाढवा. फोनचा कॅमेरा फिकट करडा पांढऱ्यात मिसळून टाकतो. पट्टा आहे की हाताची सावली अशी शंका आली तर त्यात मोठा आकडा शोधा. पट्ट्यात झोनचा आकडा छापलेला असतो, सावलीत नसतो. काही स्टेशनं दोन झोनांच्या सीमेवर असतात, जसं अर्ल्स कोर्ट १ आणि २ मध्ये, स्ट्रॅटफर्ड २ आणि ३ मध्ये. फोटो धूसर आहे म्हणून ती रेघेवर आली असं समजू नका. ती खरंच दोन्हीत मोजली जातात, आणि प्रवाशाला जो झोन स्वस्त पडेल तो धरतात.

झोनवरून सगळं भाडं कळतं असं मात्र समजू नका. हीथ्रोहून मधल्या शहरात जायला पिकॅडिलीही आहे आणि एलिझाबेथही. दोन्ही झोन ६ मधून १ मध्येच जातात, पण एलिझाबेथचं भाडं दुपटीहून जास्त. नकाशावर याचा मागमूस नसतो.

आता यात माझं मत. लेकीचा रस्ता पैशांना बरा, पण दोन बदल आणि चार बॅगा. ग्रीन पार्कला एकच बदल, आणि हीथ्रो, ग्रीन पार्क, वेंब्ली पार्क तिन्हीकडे लिफ्टची सोय. साठीच्या पुढचे दोघं, विमानातून उतरून थकलेले, लोणच्याच्या बरण्या सांभाळत. मी काकूंना सांगितलं, उतरल्या दिवशी ग्रीन पार्कवरून जा, स्वस्तातला रस्ता नंतर हिंडायला ठेवा. ज्युबिलीवर एवढंच बघायचं की बेकर स्ट्रीटच्या पुढे करड्या रेघेला लागून किरमिजी रेघ धावते. करडीला स्विस कॉटेज, किलबर्न, नीसडन अशा खुंट्या आहेत, किरमिजी त्यांना न थांबता ओलांडते. खुंटी ज्या रेघेला चिकटली आहे तीच गाडी तिथे थांबते, शेजारची नाही.

शेवटी प्रिंट कशाची काढली? त्या फोटोची नाहीच. ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या संकेतस्थळावर हाच नकाशा पीडीएफमध्ये फुकट मिळतो, कितीही वाढवला तरी अक्षर फुटत नाही. तो ए-थ्री वर रंगीत काढला, फोटोतल्या बॉलपेनच्या खुणा बघून त्यावर पेनने दोन्ही रस्ते आखले. फोटोच हवा असेल तर पोरांना तीन काढायला सांगा : एक पूर्ण नकाशा समोरून सरळ धरून, एक आपल्या भागाचा जवळून, एक रंगांच्या चौकटीचा. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे आवळला जात नाही.

पंधरा दिवसांनी काकूंचा मेसेज आला. रेनर्स लेनच्या फलाटावरून, एका यंत्राचा फोटो. "हेच का ते गुलाबी?" उजेड असा होता की फोटोत ते मला नारिंगी दिसत होतं. मी लिहिलं, "काकू, तुमच्या डोळ्याला कसलं दिसतं?" लगेच उत्तर आलं : "गुलाबी. टेकवलं पण."